ओट्यावर राहिलेलं पार्सल

शनिवारी रात्री चायनीज मागवलं की फ्राइड राइस हमखास उरतो. मंचुरियन संपतं, सूप संपतं, पण एका प्लेटमध्ये तिघांचं पोट भरेल एवढा भात असतो आणि खाणारे दोघेच असतात. मग उरलेल्या डब्याचं झाकण लावून तो ओट्यावर सरकवला जातो. झोपताना फ्रीजची आठवण कुणालाच होत नाही. सकाळी डबा उघडला तर वास ठीक असतो आणि दाणा मोकळा असतो. पैसे मोजून आणलेलं अन्न टाकायला हात धजत नाही. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘चांगलं खरपूस गरम करा, काही होत नाही.’

हा सल्ला बऱ्याच पदार्थांच्या बाबतीत अर्धा खरा आहे. भाताच्या बाबतीत मात्र तो नेमका चुकतो. त्याचं कारण समजलं की कुठलं पार्सल ठेवायचं आणि कुठलं टाकायचं, हे बरंचसं आपोआप कळतं.

उकळूनही उरणारा पाहुणा

शेतातल्या मातीत बॅसिलस सिरियस नावाचा एक जिवाणू राहतो. भाताचं पीक मातीतूनच येत असल्यामुळे कच्च्या तांदळात तो थोड्या प्रमाणात असतोच. तांदूळ कितीही धुतला तरी तो पूर्णपणे जात नाही. परिस्थिती प्रतिकूल झाली की हा जिवाणू स्वतःभोवती टणक कवच तयार करून निपचित पडून राहतो. या अवस्थेला बीजाणू म्हणतात. जमिनीत पडलेलं बी जसं पावसाची वाट पाहत महिनोन्‌महिने राहतं, तसाच हा बीजाणू असतो. भात शिजताना पाणी १०० अंशांना उकळतं. त्यात साधे जिवाणू मरतात, पण यातले बरेच बीजाणू तगून राहतात. उलट त्या उष्णतेने त्यांची झोप मोडते. भात कोमट झाला की ते रुजतात आणि वाढायला लागतात. तोवर त्यांच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे जिवाणू शिजताना मेलेले असतात. समोर ओला, मऊ, पिष्टमय भात असतो आणि तो खायला दुसरं कुणीच नसतं.

एवढ्यावरच थांबलं असतं तर पुन्हा गरम करून प्रश्न सुटला असता, कारण रुजलेला जिवाणू उष्णतेने मरतो. पण या जिवाणूचे काही प्रकार वाढताना अन्नातच एक विष सोडतात. त्याचं नाव सेरुलाइड. हे विष १२१ अंशांवर तासाहून जास्त वेळ ठेवलं तरी टिकून राहतं. घरातल्या प्रेशर कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी तापमान साधारण १२० अंश असतं. म्हणजे हा भात पुन्हा कुकरला लावला तरी विष जसंच्या तसं राहील, मग कढईत परतण्याचं किंवा मायक्रोवेव्हमधल्या दोन मिनिटांचं काय घेऊन बसलात! पोटातल्या आम्लानेही ते नष्ट होत नाही. ते पोटातल्या मज्जातंतूंना चेतवतं आणि खाल्ल्यापासून अर्ध्या ते सहा तासांत जोरदार उलट्या सुरू होतात. बहुतेकांचा त्रास दिवसभरात थांबतो.

या विषाला रंग, वास किंवा चव नसते. अन्न आंबल्याचा वास, चिकटपणा, बुरशी या खुणा दुसऱ्या जंतूंच्या असतात. त्या दिसल्या तर अन्न टाकायचंच, पण त्या दिसल्या नाहीत म्हणून अन्न चांगलं आहे असं ठरत नाही. नाक आणि जीभ इथे साक्ष देऊ शकत नाहीत.

ब्रिटनमधल्या चायनीजची गोष्ट

भातातल्या या जिवाणूकडे जगाचं लक्ष गेलं ते १९७१ पासून ब्रिटनमध्ये झालेल्या विषबाधांमुळे. चायनीज रेस्टॉरंटमध्ये किंवा तिथून घरी नेलेला फ्राइड राइस खाल्ल्यावर काही तासांतच लोकांना उलट्या होत होत्या. तपासनीस स्वयंपाकघरांत गेले तेव्हा सगळीकडे साधारण सारखीच पद्धत दिसली. भात मोठ्या प्रमाणात एकदम उकडायचा, निथळायचा आणि तसाच कित्येक तास, कधी रात्रभर, स्वयंपाकघरात ठेवून द्यायचा. ऑर्डर आली की त्यातला थोडा घेऊन फेटलेल्या अंड्याबरोबर दोन मिनिटं परतायचा. भात फ्रीजमध्ये का ठेवत नव्हते? थंडगार भाताचे गोळे होतात आणि अंडं दाण्यांना नीट लागत नाही म्हणून.

ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळांनी हा भात तपासला. बीजाणू उकळण्यातून वाचतात, साध्या तापमानाला ठेवलेल्या भातात ते झपाट्याने वाढतात आणि ही वाढ ३० ते ३७ अंशांच्या दरम्यान सर्वांत जोमाने होते, हे त्यातून दिसून आलं. शेवटच्या परतण्याने काही साधत नव्हतं. मग सल्ला दिला गेला तो असा : भात थोडा थोडा शिजवा, शिजल्यावर एकतर गरमच ठेवा किंवा लवकर थंड करून फ्रीजमध्ये टाका.

३० ते ३७ अंश हा आकडा आपल्याकडे वेगळ्या नजरेने वाचायला हवा. लंडनमध्ये एवढं तापमान क्वचित असतं. मुंबईत ऑक्टोबरात, पुण्यात मेमध्ये, नागपुरात तर मार्चपासूनच रात्री ओट्यावर हेच तापमान असतं. आणि मोकळा दाणा हवा म्हणून भात आधी उकडून ठेवायची पद्धत आपल्या चायनीजच्या गाड्यांवरही आहेच. संध्याकाळी विकायचा भात दुपारीच तयार असतो.

घड्याळ कधी सुरू होतं

म्हणूनच पार्सलच्या बाबतीत एक गोष्ट विसरायची नाही. ते दारात आलं तेव्हा घड्याळ सुरू होत नाही, ते आधीच चालू झालेलं असतं. एक उदाहरण घेऊन हिशेब करू.

समजा, भात दुपारी चारला उकडला आणि पसरून ठेवला. तुमची ऑर्डर सव्वाआठला गेली. साडेआठला भात मोठ्या आचेवर परतला. नऊच्या सुमारास पार्सल घरी आलं. जेवण झालं आणि अर्धा डबा ओट्यावर राहिला. स्वयंपाकघरात ३१ अंश तापमान आहे. परतताना आधी रुजलेले बरेच जिवाणू मेले, असं चांगलंच धरून चालू. बीजाणू वाचले. पण चार ते साडेआठ या वेळात विष तयार झालं असेल तर ते भातातच आहे.

आता समजा, दर ग्रॅमला १०० बीजाणू उरले. साडेनऊपर्यंत भात कोमट झाला आणि रुजायला त्यांनी आणखी तासभर घेतला. साडेदहापासून दर अर्ध्या तासाला संख्या दुप्पट होते असं धरू. अशा उबेत हा वेग अवास्तव नाही. साडेअकराला ग्रॅममागे ४०० जिवाणू होतील. ही संख्या काहीच नाही. दीड वाजता ६,४०० होतील. साडेतीनला १ लाखाचा आकडा ओलांडेल. सकाळी साडेसहाला ६५ लाख झालेले असतील. सेरुलाइड त्रास देण्याइतकं तयार व्हायला साधारणपणे ग्रॅममागे १ लाख ते १० लाख जिवाणू लागतात. म्हणजे झोपण्याआधी हाच डबा फ्रीजमध्ये गेला असता तर काही बिघडलं नसतं. सकाळी मात्र तो धोक्याच्या रेषेच्या पलीकडे गेलेला असतो. मधल्या वेळात डब्यातलं काहीही दिसायला बदललेलं नसतं.

हे आकडे प्रत्येक डब्याला तंतोतंत लागू होणार नाहीत. मुळात किती बीजाणू होते, ते विष करणाऱ्या प्रकारातले होते का, भात किती ओला होता, यावर सगळं अवलंबून असतं. या जिवाणूचे सगळेच प्रकार सेरुलाइड तयार करत नाहीत. म्हणून तर रात्रीचा भात खाऊनही बहुतेकांना बहुतेक वेळा काही होत नाही. पण ‘आम्ही नेहमी खातो, आम्हाला काही झालं नाही’ यातून एवढंच कळतं की त्या त्या दिवशी डब्यात तो प्रकार नव्हता. उद्याच्या डब्याबद्दल त्यातून काही सांगता येत नाही.

पाच दिवसांची स्पगेटी

या विषयावरची एक बातमी अधूनमधून मोबाइलवर फिरते आणि घरोघरी घबराट उडवते. ती खरी आहे, पण पूर्ण सांगितली जात नाही. २००८ मध्ये ब्रसेल्समधल्या २० वर्षांच्या एका विद्यार्थ्याने टोमॅटो सॉसमधली स्पगेटी गरम करून खाल्ली. अर्ध्या तासात त्याचं डोकं आणि पोट दुखू लागलं, मग कित्येक तास उलट्या झाल्या. तो पाणी पिऊन झोपला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मृतावस्थेत सापडला. त्याचं यकृत निकामी झालं होतं आणि त्या स्पगेटीत बॅसिलस सिरियस भरपूर सापडला. हे प्रकरण २०११ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

बातमीत बहुधा निसटणारा तपशील असा, की ती स्पगेटी पाच दिवस स्वयंपाकघरात साध्या तापमानाला पडून होती. असे मृत्यू फार विरळा आहेत. एका रात्रीच्या भाताने यकृत जातं असा त्याचा अर्थ काढू नये. पण भातासारखीच पास्ता, नूडल्स, बटाटा या पिष्टमय पदार्थांतही हे विष तयार होतं आणि गरम केल्याने जात नाही, एवढं त्यातून नक्की घ्यावं. हक्का नूडल्सचा डबा फ्राइड राइसच्याच पंक्तीला बसतो.

ग्रेव्ही आणि बिर्याणीचं वेगळं गणित

बटर चिकन, मटण रस्सा, दाल मखनी यांच्यातला धोका दुसऱ्या जिवाणूचा असतो. त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. तोही बीजाणू करून उकळण्यातून वाचतो. त्याला हवा नको असते. दाट रस्सा उकळताना त्यातली हवा निघून जाते आणि खोल डब्याच्या मध्यभागी त्याला हवं तसं घर मिळतं. ४३ ते ४६ अंशांच्या उबेत तो दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. माहितीतल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या जिवाणूंमध्ये त्याची गणना होते. म्हणूनच घट्ट झाकलेला, चंदेरी पिशवीत गुंडाळलेला डबा ‘अजून कोमट आहे, म्हणजे चांगलाच असणार’ असं वाटत असेल तर नेमकं उलटं समजा. ६० अंशांच्या वर असलेलं अन्न सुरक्षित, ५ अंशांच्या खाली असलेलं सुरक्षित. हाताला सुखद वाटणारं कोमट अन्न सर्वांत धोक्याचं.

हा जिवाणू आपलं विष प्रामुख्याने आपल्या आतड्यात गेल्यावर सोडतो. त्यामुळे इथे नीट उकळी आणण्याचा खरोखर उपयोग होतो, कारण जिवंत जिवाणू मेले तर पुढे विष तयार होत नाही. मात्र उकळी म्हणजे कडेला चार बुडबुडे नव्हेत. पातेल्यात ओतून, तळापासून ढवळत, सगळा रस्सा खदखदला पाहिजे. मायक्रोवेव्हमध्ये कडा चटका देतात आणि मधला भाग थंड राहतो, म्हणून मध्ये एकदा काढून ढवळायला हवं. यातून सुटलेल्या जिवाणूंचा त्रास सहा ते चोवीस तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब होऊन कळतो. तोवर आदल्या रात्रीचा रस्सा आठवतही नाही आणि दोष सकाळच्या पोह्यांना लागतो.

बिर्याणीत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात : खाली मांस, वर भात आणि भांडं खोल. तिला भाताचाच, म्हणजे जास्त कडक, नियम लावावा.

मग नियम काय?

ऑस्ट्रेलियात खाद्यव्यवसायासाठी एक सोपा नियम शिकवतात. अन्न ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात एकूण दोन तासांहून कमी वेळ राहिलं असेल तर ते खा किंवा फ्रीजमध्ये ठेवा. दोन ते चार तास झाले असतील तर लगेच खा, पण पुन्हा साठवू नका. चार तास उलटले तर टाकून द्या. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला आणखी कडक आहे. दोन तासांत फ्रीजमध्ये ठेवा आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एका तासातच. घराघरांत वेळ नीट मोजली जात नाही हे गृहीत धरून त्यांनी हात राखून वेळ दिली आहे.

आपल्या स्वयंपाकघरासाठी यातून असं काढता येईल. पार्सल घरी आल्यापासून दोन तासांत उरलेलं फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. उन्हाळ्यात आणि फ्राइड राइस, बिर्याणी, नूडल्स असतील तर एका तासात. दहाला जेवून उठलात आणि बारा-साडेबाराला आठवण झाली, तर ग्रेव्ही खदखदून उकळून तेव्हाच खाता येईल, पण ती सकाळसाठी ठेवू नका. तेव्हा खायचं नसेल आणि हवा गरम असेल तर भात टाकलेला बरा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात, नूडल्स, बिर्याणी, मांसाची किंवा पनीरची ग्रेव्ही, डाळ हे सगळं सकाळी टाकायचंच. तंदुरी रोटी, कोरडा नान, पापड यांत ओल कमी असते, त्यामुळे ते एका रात्रीत सहसा बिघडत नाहीत. पण बटाटा किंवा पनीर भरलेल्या कुलच्याला ही सवलत नाही.

मग फोडणीचा भात?

हे वाचताना कुणाच्याही मनात येईल की आपल्या आज्या रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकतच होत्या. ते खरं आहे आणि त्याला काही कारणंही आहेत. घरचा भात रात्री आठ-नऊला ताजा शिजलेला असायचा, दुपारपासून पडलेला नसायचा. तो थोडाच उरायचा, त्यामुळे लवकर निवायचा. जिथे भात मुद्दाम ताकात किंवा दह्यात कालवून ठेवतात, तिथे आंबटपणामुळे हा जिवाणू फारसा वाढू शकत नाही. एवढं असूनही उन्हाळ्यातल्या रात्री दहा-अकरा तास झाकून ठेवलेला साधा भात धोक्यातून सुटत नाही आणि वरून घातलेली मोहरी-हळदीची फोडणी सेरुलाइडचं काही करू शकत नाही. उरलेला भात रात्रीच फ्रीजमध्ये गेला की फोडणीचा भात सकाळी निर्धास्त करा. ब्रिटनचं अन्न मानक खातं भात फ्रीजमध्येही एका दिवसाहून जास्त ठेवू नका असं सांगतं, तेही पाळण्याजोगं आहे.

फ्रीजमध्ये गरम डबा ठेवला की फ्रीज बिघडतो, हा समज अजून घरोघरी आहे. मोठं पातेलं वाफाळतं ठेवलं तर शेजारचे पदार्थ तापतात हे खरं. पण पार्सलच्या उरल्यासुरल्या घासांसाठी तासन्‌तास थांबायची गरज नाही. भात ताटात किंवा पसरट डब्यात पातळ थर करून पसरा, पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवा, वाफ गेली की झाकून आत टाका. खोल डब्यात दाबून भरलेल्या भाताचा मध्यभाग फ्रीजमध्येही कित्येक तास कोमट राहतो, म्हणून पसरण्याचं महत्त्व जास्त. ग्रेव्हीही दोन उथळ वाडग्यांत वाटून ठेवावी. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच बाहेर काढून गरम करावं. तोच डबा तीन वेळा आत-बाहेर केला की तिन्ही वेळचे तास एकमेकांत मिळवले जातात.

खाऊन झालंच असेल तर

लेख वाचेपर्यंत नाश्ता होऊनही गेला असेल, तर घाबरून उलटी काढायचा प्रयत्न करू नका. बहुतेकांना काहीच होणार नाही. उलट्या-जुलाब सुरू झाले तर ओआरएसचं पाणी घोटघोट प्यावं. स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नये, तयार विषावर ते चालत नाही. पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, शौचात रक्त असेल, ताप चढला असेल, गुंगी येत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा यकृताचा आजार असलेलं कुणी असेल तर त्याहूनही लवकर. काय खाल्लं आणि किती वाजता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. उलट्या खाल्ल्यावर दोन-तीन तासांत झाल्या की सकाळी, यावरून त्यांना बरंच कळतं.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरांतली. रात्रभर राहिलेलं पार्सल आपल्याला नको वाटतं, पण टाकवत नाही, म्हणून ते कामाला येणाऱ्या मावशींना किंवा वॉचमनला दिलं जातं. त्यात हेतू चांगला असतो, पण तोच भात त्यांच्या घरी मुलांच्या ताटात जातो आणि आजारी पडलं तर एका दिवसाची मजुरी बुडते. द्यायचंच असेल तर रात्री दहाला, जेवण उरतंय हे दिसताक्षणी, गरम असतानाच द्या. सकाळी मात्र तो डबा कचऱ्यातच गेला पाहिजे.